पावसाची सरासरी आणि हिंदमाताचे पाणी

पावसाळ्यात मुंबईच्या घराघरांतून सकाळी वर्तमानपत्र उघडले की पहिली दृष्टी पावसाच्या आकड्याकडे जाते. गेल्या चोवीस तासांत कुलाब्यास इतके मिलिमीटर, सांताक्रूझला इतके मिलिमीटर, असे त्यात छापलेले असते. हा आकडा वाचून गिरगावातील गृहस्थ म्हणतो की पाऊस फारसा झालेला दिसत नाही. आणि त्याच दिवशी परळचा गृहस्थ हिंदमाताच्या चौकातून गुडघाभर पाण्यातून घरी आलेला असतो. आकडा खोटा नसतो आणि पाणीही खोटे नसते. मग या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? या प्रश्नाचे उत्तर गणितातील एका जुन्या आणि साध्या सिद्धांतात सापडते. त्याचे नाव समाकलनाचा मध्यमूल्य सिद्धांत. फ्रेंच गणिती कोशी याने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत तो पद्धतशीर मांडला.

प्रथम सरासरी या शब्दाचाच विचार करणे अगत्याचे आहे. पाच मुलांच्या उंचीची सरासरी काढणे सोपे आहे. पाच आकड्यांची बेरीज करावी आणि पाचाने भागावे. पावसाचे तसे नाही. पावसाचा जोर क्षणाक्षणाला बदलतो, आणि एका तासात क्षण किती, याला गणती नाही. अनंत आकड्यांची बेरीज करून अनंताने भागणे हा व्यवहार होऊ शकत नाही. म्हणून येथे बेरजेच्या जागी समाकलन येते. पावसाचा जोर, म्हणजे तासाला किती मिलिमीटर या दराने पाऊस पडत आहे ते, कागदावर वक्ररेषेने दाखविले, तर त्या रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे एकंदर पडलेला पाऊस. त्या क्षेत्रफळास काळाच्या लांबीने भागले की सरासरी जोर मिळतो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, डोंगरासारख्या वरखाली जाणाऱ्या त्या आकृतीचे माथे छाटून खळगे भरावेत आणि सर्व सपाट करून एक आयत करावा. त्या आयताची उंची म्हणजे सरासरी.

आता सिद्धांत असा. पावसाचा जोर जर संतत रीतीने बदलत असेल, म्हणजे एका दरावरून दुसऱ्या दरावर मधले सर्व दर ओलांडूनच जात असेल, तर त्या काळात निदान एक क्षण असा असतोच की ज्या क्षणी प्रत्यक्ष जोर सरासरीइतकाच असतो. याची उपपत्ती दोन वाक्यांची आहे. सरासरी ही किमान जोरापेक्षा कमी असू शकत नाही आणि कमाल जोरापेक्षा अधिक असू शकत नाही. कारण आयताची उंची किमान रेषेच्या खाली गेली तर क्षेत्रफळ अपुरे पडेल, आणि कमाल रेषेच्या वर गेली तर ते जास्त होईल. आणि किमानापासून कमालापर्यंत संतत जाणाऱ्या रेषेस मधली प्रत्येक उंची कोठे ना कोठे ओलांडावीच लागते; मग सरासरीची उंची तरी ती कशी चुकवील?

हाच सिद्धांत वेधशाळेच्या कागदावर डोळ्यांनीही पाहता येतो. वेधशाळांतून दीर्घकाळ वापरात असलेल्या स्वयंलेखी पर्जन्यमापकात पावसाचे पाणी एका पात्रात साचते, त्यातील तरंगता गोळा वर चढतो, आणि त्यास जोडलेली लेखणी घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावरील कागदावर रेघ ओढीत जाते. दहा मिलिमीटर पाणी साचले की वक्रनलिकेने पात्र आपोआप रिकामे होते, लेखणी एकदम शून्यावर येते आणि पुन्हा चढू लागते. या तुटक चढणी एकापुढे एक जोडल्या की एकंदर पावसाची एक अखंड चढती रेषा तयार होते. तिचा चढ जेथे उभा तेथे पाऊस जोराचा. जेथे ती आडवी तेथे उघडीप. या रेषेचा आरंभ आणि शेवट सरळ दोऱ्याने जोडला तर त्या दोऱ्याचा चढ म्हणजे सरासरी जोर. सिद्धांताचे म्हणणे एवढेच की वक्ररेषेवर निदान एका ठिकाणी तिचा स्वतःचा चढ या दोऱ्याच्या चढाशी समांतर असतो. पट्टी दोऱ्यास समांतर धरून हळूहळू सरकविली तर ती जागा कोणासही दाखविता येईल.

येथे "संतत" या शब्दास सिद्धांतात किती महत्त्व आहे, ते गिरगावातील एखाद्या चाळीच्या नळावरून चांगले कळते. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच येते. समजा, एका नळास पहाटे दोन तास पाणी असते आणि त्या वेळी मिनिटाला वीस लिटर पाणी पडते. उरलेले बावीस तास नळ कोरडा. दिवसाचे पाणी झाले 2400 लिटर, आणि चोवीस तासांची सरासरी निघाली तासाला 100 लिटर, म्हणजे मिनिटाला पावणेदोन लिटरांहून थोडी कमी. परंतु मिनिटाला पावणेदोन लिटर अशी बारीक धार त्या नळास दिवसात कधीच नसते. एक तर वीस, नाही तर शून्य. कळ फिरताच दर एकदम उडी मारतो, असे धरले की मधले दर वगळले जातात आणि सिद्धांताचे आश्वासन नाहीसे होते. सरासरी काढता येते. पण ती कोणत्याही क्षणाची खरी स्थिती सांगत नाही. पंपाने उपसल्या जाणाऱ्या पाण्याचीही हीच गोष्ट. पावसाला मात्र अशी कळ नसते. तो वाढतो आणि ओसरतो, म्हणून पावसाच्या बाबतीत सिद्धांतावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.

आता हिंदमाताच्या चौकात यावे. दादर आणि परळ यांच्या मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर हा भाग बशीसारखा खोलगट आहे. चहूकडचे पाणी उताराने येथे येते आणि भूमिगत नाल्यांतून समुद्राकडे जाते. मुंबईचे जुने पर्जन्यजलनाले तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही ओहोटीच्या वेळी आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत धरून, बांधलेले होते. 1993 च्या "ब्रिमस्टोवॅड" अहवालाने ही मर्यादा तासाला 50 मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची शिफारस केली. वरवर पाहता मग प्रश्न सुटला असे वाटते: सरासरी जोर पन्नासाच्या आत असला की पाणी साचू नये. हे अनुमान कोठे चुकते, ते एका हिशेबाने पाहता येईल.

समजा, दुपारी तीन वाजता पाऊस सुरू झाला आणि पाच वाजता थांबला. त्याच्या जोराचा नियम सोपा घेऊ या: सरीच्या आरंभापासून गेलेले तास आणि सर संपावयास उरलेले तास यांचा गुणाकार करावा आणि त्यास 60 ने गुणावे. साडेतीनला अर्धा तास गेला, दीड तास उरला. म्हणून जोर तासाला 45 मिलिमीटर. चारच्या ठोक्याला एक तास गेला, एक उरला; जोर 60, आणि हेच शिखर. त्यानंतर जसा चढला तसाच पाऊस उतरतो. ही आकृती पॅराबोलाची कमान आहे, आणि अशा कमानीखालचे क्षेत्रफळ तिला वेढणाऱ्या आयताच्या दोन तृतीयांश असते, हे आर्किमिडीजच्या काळापासून ठाऊक आहे. आयत दोन तास रुंद आणि साठ उंच, म्हणजे 120. त्याचे दोन तृतीयांश 80. तेव्हा एकंदर पाऊस 80 मिलिमीटर, आणि दोन तासांची सरासरी तासाला 40 मिलिमीटर.

सिद्धांताप्रमाणे जोर नेमका 40 असा क्षण असलाच पाहिजे. शोधून पाहिले तर असे दोन क्षण निघतात. पहिला तीन वाजून सुमारे 25 मिनिटांनी, पाऊस चढत असताना; दुसरा चार वाजून सुमारे 35 मिनिटांनी, तो उतरत असताना. सिद्धांत "निदान एक" म्हणतो, त्याचे कारण येथे दिसते. या दोन क्षणांच्या मधली सुमारे 70 मिनिटांची जी सर आहे, ती सर्व सरासरीहून अधिक जोराची आहे.

आता नाल्याकडे पाहावे. नाला तासाला 50 मिलिमीटर पाणी वाहून नेतो, आणि पडलेले सर्व पाणी लगेच नाल्याच्या तोंडाशी येते, असे क्षणभर धरू या. सरासरी 40 ही पन्नासाच्या आत असल्यामुळे सरासरीने पाहणारा म्हणेल की रस्ता कोरडा राहील. परंतु तीन वाजून साडेपस्तीस मिनिटांपासून चार वाजून साडेचोवीस मिनिटांपर्यंत, म्हणजे सुमारे 49 मिनिटे, पावसाचा जोर पन्नासाच्या वर आहे. या अवधीत सुमारे 46 मिलिमीटर पाऊस पडतो आणि नाला सुमारे 41 मिलिमीटर नेतो. साडेपाचास थोडे कमी इतके मिलिमीटर पाणी शिल्लक राहते. साडेपाच मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराहूनही कमी, हे खरे. पण हे पाणी साऱ्या पाणलोट क्षेत्रावर पसरून थांबत नाही. ते बशीच्या तळाशी धावते. खोलगट भाग जर एकंदर क्षेत्राच्या विसाव्या हिश्शाइतका असेल, तर तेथे त्याची खोली वीसपट, म्हणजे जवळजवळ 11 सेंटिमीटर होते. घोट्यावर पाणी चढले, आणि सरासरीप्रमाणे तर तेथे पाण्याचा थेंबही साचावयास नको होता.

सरासरीचा हा हिशेब नेमका कोठे फसतो? तीन ते साडेतीनच्या सुमारास नाला अर्धवट रिकामा होता. त्याची ती रिकामी शक्ती चार वाजताच्या पावसासाठी राखून ठेवता येत नाही. गेलेल्या वेळी न वाहिलेले पाणी नाला मागाहून भरून काढू शकत नाही. सरासरी मात्र माथे छाटून खळगे भरते, म्हणजे चारचा पाऊस जणू तीनला पडला असे मानते. साचलेले पाणी ओसरण्यास पुढचा मोकळा वेळ तेवढा उपयोगी पडतो. वरील उदाहरणात ते चार वाजून सुमारे 49 मिनिटांनी ओसरून संपते. एकूण सव्वा तासाजवळ रस्त्यावर पाणी राहिले, आणि पाऊस थांबण्यापूर्वीच ते नाहीसेही झाले. पाच वाजता येऊन रस्ता पाहणाऱ्या तपासनिसास सरासरीचा हिशेब बरोबरच होता असे वाटेल.

उलट जुन्या 25 मिलिमीटरच्या मर्यादेवर हीच सर पडली असती, तर शिल्लक पाणी 35 मिलिमीटरांहून अधिक झाले असते आणि त्याच बशीच्या तळाशी ते 70 सेंटिमीटरांवर, म्हणजे सव्वादोन फुटांवर चढले असते. मर्यादा दुप्पट केल्याने पाणी निम्म्यावर आले असे नव्हे. ते साडेसहा पटींनी उतरले. शिखराचा किती भाग मर्यादेच्या वर उरतो यावर सर्व अवलंबून आहे.

सरासरी कोणत्या अवधीची काढली, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. हीच सर दिवसाच्या नोंदीत "80 मिलिमीटर" अशी दिसेल, आणि चोवीस तासांनी भागले तर सरासरी निघेल तासाला सव्वातीन मिलिमीटरांच्या थोडी वर. सिद्धांत येथेही खोटा पडत नाही. जोर नेमका तेवढा असलेला क्षण आहेच. तो आहे तीन वाजून पावणेदोन मिनिटांनी, जेव्हा रस्त्यावरच्या माणसाने छत्री उघडावी की नाही याचा विचारही पुरा केलेला नसतो. सरासरीचा क्षण असतो एवढेच सिद्धांत सांगतो. तो क्षण त्या दिवसाचे प्रतिनिधित्व करतो, असे सिद्धांताने कधीच म्हटलेले नाही.

घड्याळाचा काटाही येथे फसवितो. दर तासाची नोंद ठेवणाऱ्याच्या वहीत तीन ते चार 40 आणि चार ते पाच 40 असे दोन सारखे आकडे येतील. वाचणारा म्हणेल की पाऊस एकसारखा पडला. तोच तास साडेतीन ते साडेचार असा मोजला तर सरासरी 55 निघते. पावणेचारपासून चारपर्यंतचा पाव तास घेतला तर ती 59 च्या जवळ जाते, आणि खरे शिखर 60 आहे. अवधी जसजसा आखूड करावा तसतशी सरासरी क्षणाच्या सत्याजवळ येते. 2005 च्या महापुरानंतर मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले आणि दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवण्यास आरंभ केला, त्याचे मर्म यातच आहे.

मग सिद्धांताचा व्यवहारात उपयोग तो काय? उपयोग आहे, पण तो एकाच दिशेने आहे. आणि 26 जुलै 2005 या दिवसाइतके त्याचे स्पष्ट उदाहरण मुंबईच्या इतिहासात दुसरे नाही. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. चोवीस तासांनी भागले की सरासरी जोर तासाला 39 मिलिमीटरांहून थोडा अधिक येतो. याखेरीज काहीही ठाऊक नसले, पाऊस केव्हा वाढला आणि केव्हा थांबला याची एकही नोंद हाती नसली, तरी केवळ या एका आकड्यावरून असे निश्चित सांगता येते की त्या दिवसात निदान एक क्षण असा होता, ज्या क्षणी पाऊस तासाला 39 मिलिमीटर या दराने पडत होता. आणि म्हणून 25 मिलिमीटरच्या हिशेबाचे जुने नाले त्या वेळी पावसाच्या मागे पडले होते. हे अनुमान नव्हे, सिद्धता आहे. प्रत्यक्षात दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासातच तेथे सुमारे 190 मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा खरा जोर एखाद्या क्षणी निदान तेवढा होताच, आणि त्याहूनही अधिक असू शकेल.

त्याच चोवीस तासांत कुलाब्याची नोंद होती सुमारे 73 मिलिमीटर. सरासरी तासाला तीन मिलिमीटर. यावरून काय सिद्ध होते? कोणत्या तरी क्षणी जोर तीन मिलिमीटर होता, एवढेच. कुलाब्यास जोर पंचवीसच्या वर गेला होता की नव्हता, हे या आकड्यावरून मुळीच सांगता येत नाही. सारा पाऊस दोन तासांत पडला असेल, किंवा दिवसभर झिमझिम चालू असेल. मोठी सरासरी धोक्याची साक्ष देते. लहान सरासरी सुरक्षिततेची साक्ष देत नाही. गिरगावच्या गृहस्थाने वर्तमानपत्रातील लहान आकडा पाहून परळच्या रस्त्याबद्दल निर्वाळा दिला, तर तो गणिताच्या विरुद्ध बोलतो. एक तर तो आकडा दुसऱ्या जागेचा असतो, आणि दुसरे म्हणजे तो चोवीस तासांचा असतो.

आणखी एक गोष्ट वरच्या हिशेबात सोयीसाठी बाजूस ठेवली होती. ती म्हणजे समुद्र. नाल्याची शक्ती कायम तासाला 50 मिलिमीटर नसते. मुंबईच्या बंदरात उधाणाची भरती सरासरीने सागरी नकाशांच्या शून्यरेषेपासून सुमारे 4.4 मीटर चढते आणि उधाणाची ओहोटी पाऊण मीटरपर्यंत उतरते. मध्यम समुद्रपातळी या दोहोंच्या मध्ये अडीच मीटरांच्या आसपास आहे. ही मध्यम पातळी म्हणजेही सरासरी होय, आणि समुद्र प्रत्येक भरती-ओहोटीत तिला एकदा चढताना आणि एकदा उतरताना स्पर्श करतो. पण नाल्याच्या मुखाशी मध्यम पातळीला काही अर्थ नाही. पाणी मुखाच्या वर चढले की उताराने वाहणारा नाला अडतो, आणि त्याची शक्ती शून्याजवळ येते. पावसाचे शिखर आणि भरतीचे शिखर एकाच वेळी आले तर दोन सरासरी कितीही सौम्य असल्या तरी त्यांचा उपयोग नाही. 26 जुलै 2005 रोजी दुपारनंतर भरती सुमारे साडेचार मीटरची होती.

हिंदमाताचे पाणी कमी करण्यासाठी जे उपाय झाले, त्यांचे गणित याच विचारावर उभे आहे. रे रोडजवळचे ब्रिटानिया उदंचन केंद्र भरतीच्या वेळीही पाणी समुद्रात लोटते. म्हणजे नाल्याची शक्ती शून्यावर जाऊ देत नाही. त्यानंतर दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. टाकीचे काम एकच: शिखराच्या वेळचे जादा पाणी पोटात घ्यावयाचे आणि पाऊस ओसरल्यावर ते सोडावयाचे. सरासरी कागदावर जे करते, माथा छाटून खळगा भरते, तेच टाकी जमिनीत प्रत्यक्ष करते. म्हणून टाकी केवढी असावी हे सरासरी पावसावरून ठरत नाही. मर्यादेच्या वर उरलेल्या कमानीच्या क्षेत्रफळावरून ठरते. वरच्या उदाहरणात हे क्षेत्रफळ साडेपाच मिलिमीटरांच्या जवळ होते. पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर धरले, तर त्याचे पाणी सुमारे 54 लाख लिटर होते. तेवढी टाकी असली तर ती सर रस्त्यावर पाणी न साचता निघून जाईल. शिखर थोडे अधिक उंच झाले, किंवा त्याच वेळी भरती आली, तर तीच टाकी अपुरी पडेल. कारण कमानीचा माथा मर्यादेच्या वर जितका जातो, त्याच्या मानाने वरचे क्षेत्रफळ फार झपाट्याने वाढते.

तेव्हा वर्तमानपत्रातील पावसाचा आकडा वाचताना दोन प्रश्न विचारावेत: हा आकडा कोणत्या जागेचा, आणि किती वेळाचा? चोवीस तासांच्या आकड्यास चोवीसने भागून जी सरासरी निघेल, ती नाल्याच्या मर्यादेहून अधिक असेल तर पाणी तुंबलेच असे समजावे. ती कमी असेल तर काहीच सिद्ध झाले नाही; तासाची, आणि मिळाल्यास पाव तासाची नोंद मागावी, आणि भरतीची वेळ तिच्या शेजारी मांडून पाहावी.